‘लोकल’ची तारीख आजची, गूगलची मार्चमधली

लॅमिंग्टन रोडला किंवा मनीष मार्केटला फोन दुरुस्तीला दिला की काउंटरवरचा माणूस पावती फाडण्याआधी एकदा विचारतो, “डेटा घेतलाय ना?” आपण मान हलवतो. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप रोज रात्री आपोआप होतो, हे आपल्याला माहीत असतं. होतोही. पण तो कुठे होतो आणि त्यात काय काय येतं, हे बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं. फोन फॉरमॅट होऊन परत येतो तेव्हा ते पहिल्यांदा कळतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपलं जीमेल गूगलच्या सर्व्हरवर असतं, त्यामुळे कुठल्याही फोनवरून उघडलं की सगळी पत्रं समोर येतात. व्हॉट्सअ‍ॅपचं तसं नाही. निरोप पोचेपर्यंतच तो कंपनीच्या सर्व्हरवर थांबतो, फार तर ३० दिवस, आणि पोचला की तिथून पुसला जातो. त्यानंतर तो फक्त तुमच्या फोनमध्ये आणि पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये उरतो. त्यामुळे “नंबर तोच आहे, नवीन फोनमध्ये टाकला की येईल सगळं” हा समज चुकीचा आहे. नंबरासोबत ग्रुप येतात, नाव-फोटो येतो. संभाषण येत नाही. ते आणायला बॅकअप लागतो.

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या `Settings` मध्ये `Chats` आणि त्यात `Chat backup` उघडा. वर शेवटच्या बॅकअपच्या दोन ओळी दिसतात, एक `Local` ची आणि एक गूगलची. माझ्या मते सगळा घोळ या दोन ओळींत आहे. पहिली ओळ जवळपास नेहमीच ताजी असते, कारण रात्री २ च्या सुमाराला व्हॉट्सअ‍ॅप निरोपांची एक प्रत फोनमध्येच लिहून ठेवतं. ती `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases` या फोल्डरमध्ये असते. कपाटाची दुसरी किल्ली त्याच कपाटात ठेवावी, तशी ही प्रत. अ‍ॅप बिघडलं तर तिचा उपयोग होतो, पण फोन फॉरमॅट झाला की तीही जाते. मदरबोर्ड बदलला तर फोन फॉरमॅट न करताही जाते, कारण आताचे अँड्रॉइड फोन आतला सगळा डेटा कूटबद्ध करून ठेवतात आणि तो उलगडायची किल्ली त्याच फोनच्या चिपशी बांधलेली असते. बोर्ड गेला की किल्लीही गेली. मग कितीही हुशार कारागीर असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही.

म्हणजे फोन हातातून सुटणार असेल, तर पाहायची ती दुसरी ओळ.

लालबागला आमच्या शेजारी एक काकू पोळी-भाजीचे डबे पुरवतात. त्यांचा सगळा धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर: कुणाचा डबा कधी बंद, कुणाचे किती पैसे बाकी, पत्ते, आणि गिऱ्हाइकांनी बोलून पाठवलेले असंख्य व्हॉइस मेसेज. नवा फोन घेतला होता आणि जुना विकायचा होता. “अगं, बॅकअप झालाय की, ही बघ आजचीच तारीख,” असं म्हणून त्यांनी फोन पुढे केला. तारीख आजची होती ती `Local` पुढे. गूगलपुढे मार्चमधली एक तारीख होती आणि तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. मधल्या महिन्यांतलं काहीही फोनबाहेर गेलेलं नव्हतं.

कारण शोधायला त्याच पानावर थोडं खाली गेलं की पुरतं. `Google Account` या ओळीत बॅकअप कोणत्या खात्यात जातो ते लिहिलेलं असतं. तिथे काकूंचा नव्हे, त्यांच्या भाच्याचा पत्ता होता. तीन वर्षांपूर्वी फोन त्यानेच सुरू करून दिला होता आणि स्वतःचंच जीमेल टाकलं होतं. आपल्याकडे हे घराघरात होतं. त्यात दोन धोके आहेत. पहिला असा, की नव्या फोनमध्ये काकूंचं स्वतःचं खातं असतं, तर व्हॉट्सअ‍ॅपने तिथे शोधलं असतं आणि बॅकअप नाही असं सांगितलं असतं. प्रत परत आणायला फोन नंबरही तोच लागतो आणि गूगल खातंही तेच लागतं. दुसरा धोका जागेचा. पूर्वी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगलच्या मोफत जागेत मोजला जात नसे. २०२३ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने तो मोजला जाऊ लागला. मोफत जागा १५ जीबी, आणि त्यातच जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह. भाच्याच्या फोटोंनी ती भरली आणि काकूंचा बॅकअप थांबला. फोनने सूचना दिली असणार, पण दिवसाकाठी शंभर सूचना येतात, त्यातली ही कोण वाचतं?

तिसरं एक कारण मुंबईत फार आढळतं, ते काकूंकडेही होतं. घरी वायफाय नाही, सगळं मोबाइल डेटावर. बॅकअप मात्र मुळात फक्त वायफायवर जातो. मोबाइल डेटावर जायला `Back up using cellular` ही कळ मुद्दाम सुरू करावी लागते. ती बंद असेल आणि फोन कधीच वायफायला लागत नसेल, तर गूगलची ओळ वर्षभर हलणार नाही आणि `Local` ची रोज हलत राहील.

आम्ही खातं बदलून काकूंचं टाकलं. नव्या खात्यात सगळं शून्यापासून चढवावं लागतं. बॅकअप निघाला २.६ जीबीचा. काकूंचा पॅक दिवसाला २ जीबीचा, म्हणजे तो पुरणार नव्हता. शेवटी वरच्या मजल्यावरच्या घरातलं वायफाय घेतलं. तिथे वर चढवायचा वेग सेकंदाला ८ मेगाबिट होता. २.६ जीबी म्हणजे साधारण २०,८०० मेगाबिट. भागून पाहिलं तर ४३ मिनिटं येतात. डाउनलोडचा वेग कितीही मोठा असला तरी इथे अपलोडचा धरायचा, आणि तो बऱ्याचदा खूपच कमी असतो. दुकानाच्या दारात उभं राहून ‘आत्ता घेते बॅकअप’ म्हणणं म्हणूनच जमत नाही.

ओळ ताजी झाली, आकडा वाढला. आता त्या आकड्यात काय आहे ते बघू. निरोपांचा मजकूर एका डेटाबेसमध्ये असतो. फोटो, व्हिडिओ, व्हॉइस मेसेज, पीडीएफ या स्वतंत्र फायली असतात आणि वेगळ्या फोल्डरांत राहतात. डेटाबेसमध्ये त्यांची फक्त नोंद असते: फाइल कुठे आहे, आणि सोबत एक इवलंसं धूसर चित्र. बॅकअपमध्ये मजकूर आला पण फाइल आली नाही, तर नव्या फोनवर संभाषण अगदी पूर्ण दिसतं. धूसर चित्रं जागच्या जागी असतात. दाबलं की कळतं, फाइल नाही आणि सर्व्हरवरूनही ती कधीच गेली आहे. व्हिडिओंच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण `Include videos` ही कळ मुळात बंद असते. ती सुरू करा, किंवा जागा पुरत नसेल तर केबल लावून `Media` फोल्डरमधलं `WhatsApp Video` संगणकावर उतरवा. काकूंनी दुसरा मार्ग घेतला, व्हिडिओ ५ जीबीच्या आसपास होते.

आणखी एक कुलूप आहे. २०२१ पासून बॅकअपलाही एंड-टू-एंड कूटबद्धता लावता येते. ती लावली असेल तर पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लागते, अलीकडे पासकीही चालते. हा पासवर्ड एसएमएसने येणाऱ्या कोडपेक्षा वेगळा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनच्या सहा अंकी पिनपेक्षाही वेगळा. लोक तिन्हींची सरमिसळ करतात. पिन विसरला तर परत मिळवायची सोय आहे. बॅकअपचा पासवर्ड विसरला तर तो कंपनीही सांगू शकत नाही आणि गूगलही नाही. मात्र जुना फोन चालू असेपर्यंत तिथून नवा पासवर्ड ठरवता येतो. ही तपासणी फोन हातात असतानाच करायची ती यासाठी.

एवढं करूनही खात्री होते ती फक्त बॅकअप चढल्याची. तो परत उतरतो का, हे उतरवूनच कळतं. दुसऱ्या फोनमध्ये तेच गूगल खातं घाला, व्हॉट्सअ‍ॅप टाका, नंबर द्या. कोड जुन्या फोनमधल्या सिमवर येईल, तो नव्यात टाइप करायचा. मग बॅकअप सापडल्याचं पान येतं, त्यावर तारीख आणि आकार असतो. तो जुन्या फोनवर पाहिलेल्याशी जुळला पाहिजे. `Restore` दाबायचं. इथे घाईत पुढे गेलात तर रिकामं व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, आणि त्याच रात्रीचा नवा रिकामा बॅकअप गूगलवरच्या जुन्या चांगल्या प्रतीवर चढू शकतो. चुकून तसं झालंच तर लगेच अ‍ॅप काढून पुन्हा टाका, रात्रीपर्यंत थांबू नका. पडताळणी पुरी होईपर्यंत नव्या फोनवरचा आपोआप बॅकअप बंद ठेवलेला बरा.

आधी मजकूर येतो, फायली मागाहून हळूहळू येतात. त्या पूर्ण आल्या की नीट निवडून बघायचं. काकूंनी सर्वात जुन्या गिऱ्हाइकाचं संभाषण अगदी वरपर्यंत नेलं, वर्षापूर्वीचा एक व्हॉइस मेसेज वाजवला, डब्याच्या ऑर्डरची एक पीडीएफ उघडली आणि मार्चनंतरचा एक फोटो मोठा करून पाहिला. चारही उघडले. तोवर जुन्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप बाहेर पडलेलं असतं, पण त्यातला डेटा तिथेच असतो. काही कमी निघालं असतं तर परत जायला तो होता. म्हणून तोपर्यंत जुन्या फोनवरून अ‍ॅप काढायचं नाही.

फोन दुरुस्तीलाच जात असेल तर घरातल्या कुणाच्या तरी जुन्या हँडसेटवर हेच करता येतं. मधल्या दिवसांतले निरोप मग त्या हँडसेटवर येतात. दुरुस्त फोन परत आला की आधी त्या हँडसेटवरून हाताने नवा बॅकअप घ्यायचा आणि गूगलची ओळ बदललेली पाहायची, मग दुरुस्त फोनवर नंबर टाकायचा. हा क्रम उलटा झाला तर मधले दिवस मागे राहतात. आयफोन आणि अँड्रॉइडमध्ये मात्र हा रस्ता बंद आहे: आयक्लाउडवरची प्रत अँड्रॉइडवर उतरत नाही आणि गूगलवरची आयफोनवर. तिथे दोन्ही फोन चालू स्थितीत शेजारी ठेवून संभाषण थेट हलवावं लागतं, म्हणजे जुना विकायच्या आधीच.

काकूंचा जुना फोन त्यानंतर आणखी आठवडाभर घरीच राहिला. मग त्यातून भाच्याचं गूगल खातं काढलं, फॅक्टरी रीसेट केला, आणि तो मनीष मार्केटला गेला.