ईएलएमधला उजेड नक्की काय सांगतो?

एका फळीवर ओळीने लावलेल्या पुस्तकांचा फोटो मी काढला आणि जेपेगच्या 75 दर्जावर साठवला. मग दुसऱ्या, अजून कॉम्प्रेस न केलेल्या फोटोतलं राखाडी कण्याचं एक पुस्तक कापून त्या ओळीत बसवलं आणि पूर्ण फोटो 95 दर्जावर पुन्हा साठवला. डोळ्यांना काही खटकत नव्हतं. मग फोटोतला फेरफार शोधण्यासाठी वापरतात ते एरर लेव्हल ॲनालिसिस, म्हणजे ईएलए, त्यावर चालवलं. इमेजमॅजिक हे फुकट मिळणारं साधन आपल्याकडे असेल तर त्यासाठी दोन ओळी पुरतात:

```
magick photo.jpg -quality 90 again.jpg
magick photo.jpg again.jpg -compose difference -composite -evaluate multiply 20 ela.png
```

पहिली ओळ फोटो 90 दर्जावर पुन्हा साठवते. दुसरी ओळ आधीच्या आणि नंतरच्या फोटोतला फरक काढते आणि तो वीसपट वाढवते, कारण मूळ फरक इतका बारीक असतो की नुसता पाहिला तर सगळं काळंच दिसेल. निकालात बहुतेक फळी गडद होती आणि घुसवलेल्या पुस्तकाच्या कण्यावरची अक्षरं स्वच्छ उजळली होती. पण शेजारचा लाल शब्दकोशही तितकाच उजळला होता, आणि त्याला मी हातही लावला नव्हता. ईएलए वापरताना होणाऱ्या बहुतेक चुका या लाल कोशापाशीच होतात.

असं का होतं हे कळायला जेपेग फोटो कसा साठवतं ते पाहावं लागतं. फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे ठोकळे पाडले जातात. प्रत्येक ठोकळ्यातला मजकूर आकड्यांत मांडला जातो: काही आकडे ठोकळ्याचा ढोबळ उजेड सांगतात, काही बारीक रेघा आणि पोत. मग प्रत्येक आकडा ठरावीक पायरीवर आणून बसवला जातो. पायरी 10 ची असेल तर 37 चा 40 होतो. फोटो त्याच पायरीने पुन्हा साठवला तर 40 हा 40 च राहतो, कारण तो आधीच पायरीवर उभा आहे. बारीक पोताच्या आकड्यांसाठी पायऱ्या मोठ्या असतात. पायरी 20 ची आणि आकडा 7 चा असेल तर तो थेट शून्य होतो, आणि एकदा शून्य झालेला आकडा पुढे कुठल्याही पायरीवर शून्यच राहतो.

माझ्या फळीचं तेच झालं होतं. 75 दर्जावर साठवताना तिचा बराच बारीक पोत शून्य झाला होता, त्यामुळे पुढच्या फेऱ्यांत हलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. राखाडी पुस्तक ती फेरी चुकवून आलं होतं. त्याचा बारीक पोत शाबूत होता, म्हणून 90 दर्जावर साठवताना त्याचे आकडे जास्त हलले आणि तो भाग उजळ दिसला. म्हणजे ईएलए बदल दाखवत नाही. फोटोचा कुठला भाग किती कॉम्प्रेशन सोसून आलाय, एवढाच अंदाज ते देतं.

आता तो लाल कोश. त्यावर पांढरी, जाड अक्षरं आहेत. जिथे रंग एकदम पालटतो, तिथल्या ठोकळ्यांत शून्य नसलेले आकडे भरपूर असतात, आणि जितके आकडे जास्त तितकं हलायला जास्त. शिवाय जेपेग बहुधा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने ठेवतं, त्यामुळे भडक लाल-निळ्या कडांवर चूक आणखी वाढते. उलट कोरी भिंत किंवा निरभ्र आकाश ईएलएत काळं दिसणारच, मग ते खरं असो वा चिकटवलेलं. म्हणून उजळ भागाची तुलना गडद भागाशी करण्यात अर्थ नाही. कडेशी कड ताडून पाहायची, पोताशी पोत. राखाडी कण्यावरची अक्षरं शेजारच्या तशाच राखाडी कण्यावरच्या अक्षरांपेक्षा उजळ असतील, तरच शंकेला जागा आहे.

मी आणखी दोन गोष्टी करून पाहिल्या. ईएलए 90 ऐवजी 95 दर्जावर चालवलं तर जवळजवळ सगळंच काळं झालं, घुसवलेलं पुस्तकसुद्धा, कारण शेवटची फेरी त्याच दर्जाची होती आणि सगळे आकडे त्याच पायऱ्यांवर उभे होते. मग तोच फोटो एका मेसेजिंग ॲपवरून स्वतःलाच पाठवला. ॲपने तो लहान केला आणि खालच्या दर्जावर पुन्हा साठवला. आता दोन्ही राखाडी कणे सारखेच दिसत होते. लहान करताना पिक्सेल नव्याने बनतात, जुने ठोकळे विस्कटतात, आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो. फिरत फिरत आपल्यापर्यंत आलेला जवळपास प्रत्येक फोटो अशा फेऱ्यांतून गेलेला असतो, आणि म्हणूनच अशा फोटोच्या ईएलएवर बोट ठेवून कोणी 'खोटा' म्हणतं तेव्हा मला काळजी वाटते.

ही चूक जाणकारांकडूनही होते. स्वीडिश छायाचित्रकार पॉल हॅन्सन यांनी नोव्हेंबर 2012 मध्ये गाझात काढलेल्या अंत्ययात्रेच्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मे 2013 मध्ये नील क्राविट्झ यांनी हा फोटो अनेक फोटो जोडून बनवल्याचा दावा केला. ईएलए लोकांपर्यंत पोचवण्यात याच क्राविट्झ यांचा मोठा वाटा आहे. ईएलएशिवाय त्यांचे आणखी दोन आधार होते: फाइलच्या मेटाडेटात दिसणारी एकाहून अधिक फाइलींची नोंद, आणि सावल्यांवरून काढलेली सूर्याची जागा.

मेटाडेटा ही फोटोसोबतची चिठ्ठी आहे. कॅमेरा, वेळ, कुठल्या सॉफ्टवेअरमधून फाइल गेली, हे त्यात असतं. ती सहज पुसता येते, बदलताही येते. आणि ती खरी असली तरी 'दोन फाइली एकत्र केल्या' म्हणजे दोन वेगळे फोटो जोडले असं होत नाही. हॅन्सन यांनी एकच रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, कमी-जास्त उजेडात अनेकदा डेव्हलप करून ती रूपं एकमेकांवर बसवली होती. अरुंद गल्लीतला अंधार आणि ऊन दोन्ही दिसावेत यासाठी छायाचित्रकार असं करतात.

सावल्यांची तपासणी मला या सगळ्यांत जास्त भरवशाची वाटते, कारण कॉम्प्रेशनने ती बिघडत नाही. सावलीतल्या एखाद्या टोकापासून ती टाकणाऱ्या वस्तूच्या नेमक्या त्याच टोकापर्यंत रेघ ओढायची. प्रकाशाचा स्रोत एकच असेल तर अशा सगळ्या रेघा, वाढवल्यावर, एका बिंदूत मिळायला हव्यात. जमीन उंचसखल असली तरी हा नियम मोडत नाही. अवघड जातं ते टोक नेमकं ओळखणं. पुसट सावलीत किंवा माणसाच्या गोल खांद्यावर बोटभर अंदाज चुकला की रेघ भलतीकडे जाते आणि खरा फोटो खोटा वाटू लागतो. हॅन्सन यांच्या फोटोबाबत सावल्यांचं गणित चुकल्याचं तपासणाऱ्या तज्ज्ञांनी दाखवून दिलं. उलट बाजूही ध्यानात ठेवावी लागते: सगळ्या रेघा जुळल्या म्हणून फोटो अस्सल ठरत नाही, फक्त या एका बाबतीत त्यात खोट सापडली नाही एवढंच.

तो वाद मिटला तो मूळ फाइलमुळे. हॅन्सन यांनी कॅमेऱ्यातली रॉ फाइल तज्ज्ञांसमोर ठेवली. हॅनी फरीद, केव्हिन कॉनर आणि एडुअर्ड डी काम यांनी ती पुरस्कारप्राप्त जेपेगशी ताडून पाहिली. काही भाग उजळ आणि काही गडद केलेले त्यांना आढळले, पण जोडकामाचा पुरावा सापडला नाही. रॉमधला प्रत्येक पिक्सेल जेपेगमध्ये आपल्याच जागी होता.