फोर्ट पायी बघायचंय? आधी सावलीचा फुटपाथ ठरवा

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून गेटवेला चालत किती वेळ लागेल, असं फोनवरच्या नकाशाला विचारलं तर तो अर्ध्या तासाच्या आसपास सांगतो. हा हिशेब न थांबता, ताशी पाचेक किलोमीटरने चालणाऱ्या माणसाचा आहे. शहर बघायला निघालेला माणूस असा चालत नाही. तो सिग्नलला थांबतो, मान वर करून इमारती बघतो, रस्ता ओलांडून मागे येतो. त्याचा सरासरी वेग ताशी दोन किलोमीटरवर आला तरी पुष्कळ. हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, काळा घोडा असं वळत गेलं तर गेटवेपर्यंत तीनेक किलोमीटर होतात. संग्रहालयातली पायपीट धरली की पाच. घरातल्या वयस्कर मंडळींसोबत एका दिवसासाठी मी एवढंच ठरवीन. मरीन ड्राइव्ह दुसऱ्या दिवशी.

अंतरापेक्षा जास्त दमवतं ते ऊन. सावलीतल्या आणि उन्हातल्या हवेच्या तापमानात फारसा फरक नसतो, पण उन्हात सूर्याचे किरण थेट अंगावर येतात. शिवाय तापलेलं डांबर आणि दगडी भिंतीही उष्णता फेकत असतात. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, म्हणजे शरीराची थंड होण्याची मुख्य सोयच अडखळते. म्हणून किरण चुकवणं हाच खात्रीचा उपाय.

ते कसे चुकवायचे, हे रस्त्याच्या दिशेवरून आधीच कळतं. टर्मिनसहून हुतात्मा चौकाकडे जाणारा दादाभाई नवरोजी रस्ता साधारण उत्तर-दक्षिण आहे. सकाळी सूर्य पूर्वेला, तेव्हा पूर्वेकडच्या इमारतींची सावली त्यांच्याच पायाशी, पूर्वेच्या फुटपाथवर पडते. दुपार कलली की पश्चिमेचा फुटपाथ बरा. भर दुपारी मात्र अशा रस्त्यावर दोन्ही बाजू उघड्या पडतात. डिसेंबरात त्या वेळी पूर्व-पश्चिम गल्लीचा दक्षिणेकडचा फुटपाथ गाठावा, कारण सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. मेच्या मध्याला सूर्य मुंबईच्या थेट डोक्यावर येतो. तेव्हा ही युक्ती चालत नाही, दुपारी आतच बसावं. नवरोजी रस्त्याच्या जुन्या इमारतींना तळमजल्यावर कमानींच्या पडव्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चालणाऱ्यांसाठीच केलेली ती सोय आजही ऊन आणि पाऊस दोन्ही अडवते.

साडेआठला निघालं की हा रस्ता आरामात बघून, वाटेत चहा-नाश्ता करून दहाच्या सुमारास हॉर्निमन सर्कलच्या बागेशी पोचता येतं. इथे झाडाखाली दहा-पंधरा मिनिटं बसायचंच, दमलो नसलो तरी. पाय दुखू लागल्यावर घेतलेली विश्रांती लवकर लागू पडत नाही. अकराच्या आत काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरलं की उन्हाचा वाईट वेळ छताखाली जातो.

पण संग्रहालय म्हणजे विश्रांती नव्हे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 साली ‘म्युझियम फटीग’वर, म्हणजे संग्रहालय बघताना येणाऱ्या थकव्यावर, लेख लिहिला होता. वस्तू नीट दिसाव्यात म्हणून प्रेक्षकाला किती वाकावं, ताणावं लागतं हे त्यांनी छायाचित्रांतून दाखवलं. त्यात उभं राहण्याची भर पडते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. नुसतं उभं राहिलं की ते काम मंदावतं, रक्त पायांत साचतं आणि पावलं सुजतात. म्हणून दोन-तीन दालनांनंतर बाकावर टेकावं.

सकाळी नेमका बसलेला बूट दुपारी आवळतो, त्यामागे ही सूजच असते. बूट संध्याकाळी घ्यावा, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून, आणि सहलीआधी आठवडाभर तरी वापरावा. सपाता नकोत. त्या पायात धरून ठेवायला बोटं दिवसभर आवळावी लागतात.

फोड येतो तो नुसत्या घासण्याने नाही. घामाने ओली झालेली कातडी मोज्याला चिकटते, आतलं हाड मात्र पुढे-मागे सरकत राहतं. मधले थर ताणून फाटतात आणि तिथे पाणी भरतं. सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून दुपारी बदलायला कोरडी जोडी पिशवीत असावी. टाचेवर एकाच जागी चुरचुरलं की पुढच्या बाकाची वाट न बघता बूट काढून तिथे चिकटपट्टी लावावी. फोड भरल्यावर पट्टीचा तेवढा उपयोग होत नाही.

जेवण आणि तासभर बसणं झालं की साडेचारनंतर गेटवे. स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने अनेक जणी दिवसभर पाणी टाळतात. म्हणून संग्रहालय आणि जेवणाचं हॉटेल हे दोन थांबे त्यासाठीही पक्के धरावेत. सोबतचं कुणी बोलेनासं झालं, डोकं दुखतंय किंवा गरगरतंय म्हणालं, तर त्यांना सावलीत बसवून पाणी द्यावं आणि उरलेला बेत सोडून द्यावा. गेटवेहून परत चर्चगेटपर्यंत आणखी दोन किलोमीटर पडतात. तेवढ्यासाठी बस किंवा टॅक्सी करावी.