पाच डझनी पेटी आणि तीन ग्रॅम

आमच्या वाडीतले तात्या गेल्या पावसाळ्यानंतर एक पत्रक घेऊन आले. हापूसवर मारायच्या कसल्याशा फवारणीचं होतं. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘फळाच्या वजनात लक्षणीय वाढ’, आणि खाली बारीक अक्षरांत p < 0.001. “काय रे, हे पी म्हणजे काय? घेऊ का?” तात्यांनी विचारलं.

सगळा घोळ त्या ‘लक्षणीय’ शब्दात आहे. बोलताना लक्षणीय म्हणजे डोळ्यांत भरेल असं, म्हणजेच भरपूर. संख्याशास्त्रात मात्र त्याचा अर्थ एवढाच, की फवारणीचा काहीच परिणाम नसता तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता फार कमी आहे. ही शक्यता म्हणजे पी. वाढ किती झाली हे ती सांगत नाही. पी विसात एक, म्हणजे 0.05, याहून कमी आला की ‘लक्षणीय’ म्हणायचं, ही सोयीची मर्यादा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या 1925च्या पुस्तकामुळे रूढ झाली. गंमत म्हणजे फिशर तेव्हा इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातच काम करत होते.

पत्रकात ग्रॅमचा आकडाच नव्हता, म्हणून तात्यांना समजवायला मी आकडे कल्पनेनं घेतले. समजा, न फवारलेल्या झाडांचं फळ सरासरी 250 ग्रॅमचं आणि फवारलेल्यांचं 253 ग्रॅमचं. फळाफळांत फरक असतोच, तो साधारण 40 ग्रॅमचा धरू. दोन्हीकडची 50-50 फळं तोलली, तर दोन सरासऱ्यांमधला फरक नुसत्या नशिबानेही 8 ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतो. मग 3 ग्रॅम त्यात कुठल्या कुठे बुडून जातात. पण 5000-5000 फळं तोलली तर हीच हेलकाव्याची मर्यादा 0.8 ग्रॅमवर येते. आता तेच 3 ग्रॅम तिच्या जवळजवळ चौपट ठरतात आणि पी 0.001च्याही खाली जातो. आंबा तोच आणि वाढही तीच. बदलली ती फक्त तोललेल्या फळांची संख्या.

मग हे 3 ग्रॅम कशाशी ताडून बघायचे? कोकणात त्यासाठी माप तयारच आहे, ते म्हणजे पेटी. पाच डझनी पेटीत 250 ग्रॅमची 60 फळं, म्हणजे 15 किलो. तेवढंच वजन चार डझनात भरायचं तर फळ 312 ग्रॅमच्या आसपास हवं. हिशेब ढोबळ आहे, पण भाव चढतो तो या पायरीवर, आणि ती पायरी 60 ग्रॅमची आहे. फवारणीने अख्ख्या पेटीत वाढले 180 ग्रॅम, म्हणजे एक आंबासुद्धा नाही. अनिश्चितता धरून खरी वाढ 1.4 ते 4.6 ग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी असावी. वरचं टोक पकडलं तरी पेटी पाच डझनीच राहते. औषधाचा आणि गड्याच्या मजुरीचा खर्च मात्र पूर्ण.

“म्हणजे खोटं छापलंय?” तात्या म्हणाले. खोटं नाही, पण आणखी एक गोष्ट विचारायला हवी. ही 5000 फळं किती झाडांची? फवारणी झाडावर होते, फळावर नाही. दहाच झाडांची प्रत्येकी 500 फळं तोलली असतील तर पुरावा दहा झाडांचा आहे, 5000 फळांचा नव्हे. कातळावरचं झाड आणि खालच्या मळ्याकडचं झाड यांची फळं मुळातच वेगळी, आणि एका झाडाची फळं एकमेकांसारखी. असा हिशेब केला तर तो रुबाबदार पी बहुधा टिकायचा नाही.

उलट चूकही तितकीच सर्रास होते. समजा, दुसऱ्या एका फवारणीचा प्रयोग 10 फवारलेल्या आणि 10 न फवारलेल्या झाडांवर केला आणि झाडामागे 12 किलो जास्त उत्पन्न निघालं. हापूस एक वर्ष भरभरून देतो, पुढच्या वर्षी रुसतो, त्यामुळे झाडाझाडांतला फरक 20 किलोचा धरला तर पी येतो 0.2च्या आसपास. अहवालात लगेच लिहिलं जातं, ‘परिणाम आढळला नाही’. खरं तर आकडे म्हणतात, की परिणाम 7 किलो घटीपासून 31 किलो वाढीपर्यंत काहीही असू शकतो. झाडामागे 12 किलो म्हणजे पाऊण पेटीहून जास्त. ही वाढ खरी असेल तर सोडून देण्यासारखी नाही, फक्त एवढ्या झाडांवरून ते ठरत नाही. 2016 साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने आपल्या निवेदनात स्पष्ट लिहिलं, की पीवरून परिणामाचा आकार किंवा महत्त्व मोजता येत नाही.

म्हणून असा निष्कर्ष कुठे पुरावा म्हणून द्यायचा तर मी आधी ग्रॅम किंवा किलो लिहितो, मग दोन टोकं, मग झाडांची संख्या. पी सर्वांत शेवटी. जागा नसेल तर तोच गाळतो.

दुसऱ्या दिवशी तात्या पत्रक घेऊन दुकानात गेले. “किती ग्रॅम वाढतात, आणि किती झाडांवर बघितलंत?” दुकानदाराने पत्रक उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, कंपनीच्या माणसाला विचारून सांगतो.