इंटिमेट वॉश

इंटिमेट वॉश हे स्त्रियांच्या बाह्य जननांगांची त्वचा धुण्यासाठी विकले जाणारे द्रवरूप साधन आहे. त्यात पाणी, फेस आणणारी द्रव्ये, बहुधा लॅक्टिक आम्ल, परिरक्षके आणि पुष्कळदा सुगंध असतो. योनिमार्ग आतून धुण्यासाठी ते नसते.

बाटलीवरच्या ‘पीएच बॅलन्स्ड’ या शब्दांचा अर्थ एवढाच, की आतील द्रवाचा पीएच, म्हणजे सामू, आम्लधर्मी राखलेला आहे. प्रजननवयातील निरोगी योनिमार्गाचा सामू साधारण ३.८ ते ४.५ असतो, पण ही आम्लता बाहेरून येत नाही. इस्ट्रोजेनच्या प्रभावामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते आणि तेथील लॅक्टोबॅसिलस जीवाणू त्यापासून तयार होणाऱ्या शर्करांचे लॅक्टिक आम्ल बनवतात. वॉश बाहेरच्या त्वचेवर जेमतेम मिनिटभर राहून धुतला जातो, त्यामुळे या प्रक्रियेत त्याला फारसे स्थान नाही. साबणाशी तुलना केली, तर मात्र दाव्यात तथ्य आहे: अंगाच्या साबणाचा सामू बहुधा ९ ते १० असतो आणि त्याने ही नाजूक त्वचा कोरडी पडून चुरचुरते.

दाव्याची मर्यादा खाज सुटल्यावर विशेष जाणवते. दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव आणि तीव्र खाज ही बुरशीसंसर्गाची नेहमीची लक्षणे आहेत, आणि या संसर्गात योनीचा सामू सहसा मुळातच ४.५ किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे आम्लधर्मी वॉशने दुरुस्त करण्यासारखे तेथे काही नसते. उलट सुगंधाने त्वचेची आग वाढू शकते आणि बुरशीनाशक औषध घेण्यास उशीर होतो. माशासारखा वास येणारा, पातळ, करडा स्राव जीवाणूंचे संतुलन बिघडल्याचे सुचवतो. तेथे सामू खरोखरच वाढलेला असतो, तरीही उपचार तपासणीनंतरच्या प्रतिजैविकाचा असतो. वॉशच्या वासाखाली हे लक्षण झाकले जाणे अधिक घातक.

‘गायनॅकॉलॉजिस्ट टेस्टेड’ म्हणजे उत्पादन स्त्रीरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरून पाहिले, असा दावा. किती स्त्रियांवर, किती दिवस, कशाशी तुलना करून आणि कोणता परिणाम मोजून, हे वेष्टनावर क्वचितच असते. अशा चाचण्यांत प्रामुख्याने त्वचेला त्रास होतो का, हे पाहतात. त्यावरून संसर्ग टळतो असे सिद्ध होत नाही.

निरोगी स्त्रीला साधे कोमट पाणी पुरते. आंघोळीच्या वेळी हाताने बाहेरच्या घड्या हळुवार धुवाव्यात, शौचानंतर पुढून मागे धुवावे आणि जागा टिपून कोरडी करावी. पाळीतही याहून वेगळे काही लागत नाही. पाण्याचा सामू ७ च्या आसपास असला, तरी त्याची सामू बदलण्याची क्षमता अल्प असल्याने बाहेरून धुतल्याने आतील आम्लता बिघडत नाही. आत पाण्याची धार सोडणे मात्र टाळावे, कारण त्याने उपयुक्त जीवाणूच वाहून जातात. इसब किंवा लायकेन स्क्लेरोसस हा त्वचाविकार असलेल्यांना नुसत्या पाण्याने कोरडेपणा वाढू शकतो. त्यांना डॉक्टर साबणाऐवजी बिनवासाचे स्निग्ध मलम सुचवतात.