ज्योतीचा पिवळा रंग: काजळीचा की मिठाचा?

गॅसची ज्योत निळी असावी, पिवळी नसावी, हे घरोघरी माहीत असतं. पण गॅसच्या ज्योतीत पिवळा रंग दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो. एका कारणाचा गॅसच्या जळण्याशी काही संबंध नसतो. दुसरं कारण मात्र सांगतं की बर्नरला हवा कमी पडते आहे. शेगडी दुरुस्तीला टाकण्याआधी आपल्या ज्योतीतला पिवळा यांपैकी कोणता, ते ओळखता यायला हवं.

आधी निळी ज्योत. नॉबमागे पितळेचा एक छोटा जेट असतो आणि त्याच्या अगदी बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो. त्या झोताबरोबर आजूबाजूची हवा ओढली जाते, गॅस आणि हवा बर्नरच्या नळीत मिसळतात आणि मग भोकांतून बाहेर येऊन पेटतात. जर्मनीत हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेनने 1855 च्या सुमारास प्रयोगशाळेसाठी बर्नर बनवला, तोही याच तत्त्वावर: आधी मिसळा, मग पेटवा. आधीच हवा मिसळलेली असली की गॅसचे रेणू तुटताच त्यांचा कार्बन लगेच जळतो. जळताना कार्बन-हायड्रोजनच्या आणि कार्बन-कार्बनच्या जोड्या क्षणभर तयार होतात आणि निळा-हिरवट प्रकाश देतात. भोकावरचा टोकदार, कडा स्पष्ट असलेला निळा शंकू तो हाच. त्याच्याभोवती फिकट निळा पदर असतो. तिथे उरलेला गॅस बाहेरची हवा घेऊन जळतो.

नळीतली हवा कमी पडली की गॅस तापतो, पण त्याला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. मग तुटलेला कार्बन एकमेकांना चिकटतो आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण बनतात. ते तापून लाल-पिवळे चमकतात. मेणबत्ती किंवा समई उजेड देते तो याच कणांचा. ज्योतीच्या कडेला पोचताना कण जळून गेले तर फक्त पिवळं टोक दिसतं. वाटेत थंड भांडं आडवं आलं तर ते न जळता भांड्याला चिकटतात आणि बूड काळं होतं. सिलिंडरमधल्या गॅसचं हे टोक जरा लवकर पिवळं पडतं, कारण तो प्रोपेन आणि ब्युटेनचा असतो. एक लिटर प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे 24 लिटर हवा लागते, ब्युटेनला 31, पाइपच्या गॅसमधल्या मिथेनला मात्र साडेनऊच.

दुसरा पिवळा मिठातल्या सोडियमचा. बुन्सेनने आपल्या जवळजवळ रंगहीन ज्योतीत एकेक क्षार घालून भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव किर्शॉफबरोबर त्यांचा प्रकाश लोलकातून तपासला, तेव्हा सोडियमची पिवळी रेघ सारखी आपोआप हजर होई. त्यांनी खोलीच्या अगदी दूरच्या कोपऱ्यात सोडियम क्लोरेटचे अवघे 3 मिलिग्रॅम उडवून दिले आणि काही मिनिटांत ज्योत पिवळी झाली. आपल्या स्वयंपाकघरात तर मीठ सगळीकडे असतं. भाताची पेज उतू गेली, आमटी सांडली, बर्नर धुऊन ओला बसवला, की ज्योत भगव्या रंगाने उजळते. हा रंग टोकापुरता राहत नाही, ज्योतीत कुठेही येतो, चमकत-विझत राहतो आणि मीठ जळून गेलं की जातो. त्याने काजळी धरत नाही.

फरक पाहायला एक साधी चाचणी आहे. लांब दांड्याच्या स्टीलच्या पळीत थोडं गार पाणी घ्या आणि पिवळ्या टोकात ती चार-पाच सेकंद धरा. आधी पळीवर ओल धरेल, ती जळण्यातून आलेली वाफ असते, तिकडे लक्ष देऊ नका. ओल गेल्यावर बुडाला बोट फिरेल एवढी काळी छटा दिसली (पळी गार झाल्यावरच बोट लावा), तर काजळी. स्वच्छ राहिली, तर बहुधा मीठ.

काजळी निघाली की पुढचा प्रश्न असतो, हवा कुठे अडली. समजा डाव्या बर्नरची ज्योत पिवळी, उजव्याची निळी. दोघांना सिलिंडर एक, रेग्युलेटर एक, रबरी नळी एक. म्हणजे दोष गॅसमध्ये नाही, त्या एका बर्नरच्या वाटेत आहे. गॅस बंद करा, बर्नर थंड होऊ द्या आणि दोन्ही सारख्या मापाचे असतील तर वरच्या पितळी टोप्या अदलाबदल करा. पिवळेपणा टोपीबरोबर उजवीकडे गेला तर टोपीची भोकं बुजली आहेत: कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, टाचणीने मोकळी करून, नीट वाळवून बसवा. पिवळेपणा जागेवरच राहिला तर दोष खाली, म्हणजे बर्नरच्या नळीत किंवा जेटमध्ये. नळीत बहुतेक वेळा तेलकट धूळ किंवा कोळ्याचं जाळं असतं. बरेच दिवस बंद राहिलेल्या घरात, गावी सुट्टीला गेल्यावर, हे हमखास आढळतं.

दोन्ही बर्नर एकदमच पिवळे झाले तर विचार वेगळा करावा लागतो. सिलिंडर संपत आला असेल तर थोडा पिवळेपणा येऊ शकतो, कारण आधी प्रोपेन उडून जातो आणि शेवटी जड भाग उरतो. नवा सिलिंडर लावल्यावर तो जायला हवा.

शेगडी पाइपच्या गॅसची असेल आणि ती गावी नेऊन सिलिंडरला जोडली असेल, तर मात्र ती लगेच बंद करावी. पाइपच्या गॅससाठी जेटचं भोक मोठं असतं. सिलिंडरचा दाब साधारण 30 मिलिबार, पाइपचा 21. त्याच भोकातून सिलिंडरच्या गॅसची उष्णता जवळपास दुप्पट बाहेर पडते आणि हवेचा वाटा मात्र गरजेच्या मानाने बराच कमी होतो. ज्योत उंच, पिवळी, सुस्त होते आणि पातेली काळी पडतात. जेट बदलणं हाच इलाज आहे. भोक हवं तसं घासून-पुसून तो प्रश्न सुटत नाही.

इथेच एक जुनी सवय सांगितली पाहिजे. जेट तुंबला की त्यात सुई घालून फिरवतात. पितळ मऊ असतं, भोक थोडं रुंद होतं, गॅस जास्त सुटतो, आणि साफ केलेल्या बर्नरची ज्योत आधीपेक्षा पिवळी होते. टोपीच्या भोकांना टाचणी चालते, जेटला नाही. जेट मेकॅनिककडून बदलून घ्या, तो स्वस्त भाग आहे.

उलट बाजूही दिसते. ज्योत भोकापासून वर उचलली जाते, फुसफुस आवाज करते, मध्येच विझते. तिथे हवा जास्त होते आहे. अशा ज्योतीतूनही न जळलेला गॅस निसटतो.

निळा रंग मात्र कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू नसल्याची हमी देत नाही. त्या वायूला रंग नाही, वास नाही. स्वच्छ निळ्या ज्योतीवर रुंद बुडाचं मोठं पातेलं अगदी टेकवून ठेवलं, तर फिकट पदर थंड धातूला लागतो आणि जळणं अर्ध्यावर थांबतं. शिवाय भांडं बाहेरची हवाही अडवतं. ज्योत तेव्हाही निळीच दिसेल. म्हणून लग्नघरचं मोठं पातेलं छोट्या शेगडीवर तासन् तास ठेवायचं असेल, तर भांडं टेकतं त्या जाळीचे पाय पुरेसे उंच आहेत का ते आधी पाहा आणि खिडकी उघडी ठेवा.