फराळाचे तीन डबे आणि सहा फेऱ्या

पुण्यातल्या पेठेत फराळाचं एक छोटं दुकान आहे असं धरू. गोरे, बापट आणि काळे यांच्याकडे डबे पोचवून स्कूटर दुकानात परत आणायची आहे. दिवाळीत पेट्रोलपेक्षा वेळ महाग, पण आपण आधी अंतरच बघू: कोणत्या क्रमाने गेलं तर फेरी सर्वात लहान होईल?

नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर इथे कामाचं नाही. लक्ष्मी रस्त्यासारखा एकेरी रस्ता मध्ये आला की जाताना एक किलोमीटर आणि येताना दोन असं सहज होतं. म्हणून संगणकाला रस्ते आलेखाच्या रूपात देतात. प्रत्येक चौक हा एक बिंदू, आणि दोन चौकांमधला रस्ता म्हणजे लांबी लिहिलेला बाण. दुहेरी रस्त्याला दोन बाण, एकेरीला एकच.

या जाळ्यातून एका ठिकाणाहून दुसरीकडे जायची सर्वात जवळची वाट काढण्याची रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाला १९५६ साली ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसल्या बसल्या सुचली. सुरुवातीच्या चौकापासून पाणी सोडलंय असं समजा. जो चौक आधी भिजेल, त्याचं अंतर पक्कं, आणि पुढचं पाणी तिथून वाहणार. गंमत म्हणजे दुकानातून एकदा पाणी सोडलं की तिन्ही घरांची अंतरं एकाच दमात मिळतात. म्हणजे चार ठिकाणांसाठी ही रीत चारदाच चालवायची, बारा वेळा नाही. उत्तरं मांडली की अंतरांचा तक्ता तयार. सोयीसाठी मी घेतलेले आकडे असे (किलोमीटरमध्ये, डावीकडून निघून वर लिहिलेल्या ठिकाणी):

```
         दुकान   गोरे   बापट   काळे
दुकान     ०      १.२    २.०    २.६
गोरे      १.६    ०      ०.९    २.२
बापट      २.३    १.०    ०      १.४
काळे      ३.५    २.२    १.३    ०
```

आता क्रम. डबे पोचवणारा मुलगा सहसा 'जवळचं आधी' करतो. दुकानातून गोरे (१.२), तिथून बापट (०.९), मग काळे (१.४), आणि परत दुकान (३.५). बेरीज ७ किलोमीटर. प्रत्येक वळणावर त्याने शहाणपणाच केला, पण परतीचे साडेतीन किलोमीटर शेवटी अंगावर आले. एकूण क्रम सहाच आहेत, तेव्हा सगळे करून बघता येतात. सर्वात लहान निघते ती नेमकी याच्या उलट फेरी: आधी काळे, मग बापट, मग गोरे. २.६ + १.३ + १.० + १.६, म्हणजे ६.५.

सहा क्रम कागदावर जमतात. वीस घरं झाली की क्रमांची संख्या २४ हजार कोटी कोटींच्या घरात जाते. सेकंदाला दहा कोटी क्रम तपासले तरी सुमारे ७७० वर्षं लागतील. १९६२ साली हेल्ड आणि कार्प यांनी मांडलेली युक्ती इथे कामी येते: कोणत्या घरांना जाऊन झालं आणि आता कुठे उभे आहोत, एवढंच लक्षात ठेवायचं, ती घरं कोणत्या क्रमाने केली त्यातला सर्वात स्वस्त हिशेब ठेवून बाकी फेकून द्यायचे. वीस घरांना मग काही कोटी बेरजांत काम होतं. पण दर नव्या घराला हे काम दुपटीहून थोडं जास्त वाढतं, त्यामुळे चाळीस-पन्नास घरांना हीसुद्धा थकते.

त्यापुढे लोक बऱ्यापैकी फेरी घेऊन ती सुधारत बसतात. जुनी रीत अशी की फेरीतले दोन दुवे तोडायचे आणि मधला तुकडा उलटा करून जोडायचा. लांबी घटली तर ठेवायचा. जाता-येता अंतर सारखंच असेल तर हे चटकन होतं, कारण तुकड्याची आतली लांबी बदलत नाही, दोन टोकांचाच हिशेब करायचा. एकेरी रस्त्यांच्या तक्त्यावर मात्र आतलं प्रत्येक अंतर बदलू शकतं. आपली अख्खी फेरी उलटी केली तर एकही दुवा न तोडता अर्धा किलोमीटर वाचला, हे वर दिसलंच. टोकांचाच हिशेब करणारा प्रोग्राम पेठेत चुकीच्या फेऱ्या बिनबोभाट देत राहतो.

बऱ्याच चुका मात्र क्रमात नसून तक्त्यातच असतात. एक तपासणी मी नेहमी करतो: काळे ते दुकान थेट अंतर, बापटांकडून वळसा घालून गेल्यावर येणाऱ्या अंतरापेक्षा जास्त असता कामा नये. इथे ३.५ आणि १.३ + २.३ = ३.६, म्हणजे ठीक. थेट आकडा चार असता तर तक्ता खोटा, कारण बापटांकडूनची वाटही रस्त्यावरचीच आहे.

दुसरी चूक या तपासणीत सापडत नाही. एखाद्या घराची संपूर्ण ओळ आणि संपूर्ण स्तंभ शेजारच्या घरापेक्षा दीड-दोन किलोमीटरने फुगलेले दिसले, तर नकाशावर ते घर उघडून बघावं. बहुतेकदा ते दाराच्या बोळाऐवजी मागून जाणाऱ्या उड्डाणपुलाला चिकटलेलं असतं.