मातीच्या एकाच अर्कातले पालाश आणि सोडियम: वाचन एका यंत्रावर, हिशोब दोन

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम आणि सोडियम जोडीने मोजले जातात. माती तीच, अर्क तोच, ज्योतीतल्या अणूंचा प्रकाश मोजणारा फ्लेम फोटोमीटरही तोच. फक्त फिल्टर बदलायचा. त्यामुळे एकासाठी जे केले तेच दुसऱ्यासाठी करायचे, अशी समजूत सहज होते. पोटॅशियमच्या बाबतीत ती बहुधा निभावते. सोडियमच्या बाबतीत मात्र ती चुकीच्या सल्ल्यापर्यंत नेऊ शकते. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या मातीसारखा नमुना समोर ठेवला की फरक नीट कळतो.

आधी अर्क. मातीच्या कणांवर, विशेषतः चिकणमातीवर, ऋण भार असतो आणि त्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियमचे आयन चिकटलेले असतात. न्यूट्रल नॉर्मल अमोनियम ॲसिटेटमधला अमोनियम त्यांना हुसकावून द्रावणात आणतो. लिटरला ७७.०८ ग्रॅम अमोनियम ॲसिटेट घ्यायचे आणि अमोनिया किंवा ॲसेटिक ॲसिड वापरून सामू ७ वर आणायचा. इथे एक बारीक गोष्ट आहे. सामू मोजायचा इलेक्ट्रोड थेट मोठ्या बाटलीत बुडवू नये. बहुतेक इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराईडचे द्रावण भरलेले असते आणि ते थोडे थोडे बाहेर झिरपते. त्यामुळे थोडे द्रावण बीकरमध्ये काढून घ्यावे, मोजावे आणि फेकून द्यावे.

खतांच्या शिफारशीसाठी उपलब्ध पालाश काढताना ५ ग्रॅम मातीत २५ मिलिलिटर द्रावण घालून ५ मिनिटे हलवतात आणि गाळतात. ती एका वेळच्या काढणीवर ठरलेली पद्धत आहे, आणि शिफारशींचे तक्तेही तिच्याच आकड्यांवर बसवलेले आहेत. पण जमीन चोपण आहे का, म्हणजे तिच्या कणांवर सोडियम फार झाला आहे का, हे ठरवायचे असेल तर कणांवरचा सोडियम शक्यतो सगळा बाहेर यायला हवा. म्हणून ५ ग्रॅम मातीत ३३ मिलिलिटर द्रावण तीनदा घालायचे, दर वेळी हलवून सेंट्रिफ्यूज करायचे, वरचे निवळ पाणी एकत्र करायचे आणि शेवटी १०० मिलिलिटर करायचे. म्हणजे १ किलो मातीला २० लिटर अर्क. हा २० चा गुणक पुढे लागेल. चोपण मातीची चिकणमाती सहज विखुरते, त्यामुळे अर्क गढूळ दिसला तर पुन्हा सेंट्रिफ्यूज करावे. नाहीतर यंत्राची बारीक केशनळी तुंबते आणि वाचन हळूहळू घसरत जाते. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. मधूनमधून स्टँडर्ड, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेले द्रावण, वाचून पाहिले तरच कळते.

मग स्टँडर्ड. ११० अंशांवर वाळवलेले पोटॅशियम क्लोराईड १.९०७ ग्रॅम घेऊन १ लिटर केले की १००० मिलिग्रॅम प्रति लिटर पोटॅशियम मिळते. सोडियमसाठी तसेच वाळवलेले सोडियम क्लोराईड २.५४२ ग्रॅम लागते. हे मूळ द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावे, कारण काच थोडा सोडियम सोडते. त्यातले १० मिलिलिटर घेऊन १०० केले की १०० मिलिग्रॅमचे मधले द्रावण होते. त्याचे २, ४, ६, ८ आणि १० मिलिलिटर वेगवेगळ्या १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये घेऊन अमोनियम ॲसिटेटने खुणेपर्यंत भरायचे, म्हणजे २ ते १० मिलिग्रॅमची मालिका तयार होते. मूळ स्टँडर्ड पाण्यात असले तरी ही शेवटची भरणी ॲसिटेटनेच करायची. पाणी आणि ॲसिटेटचे द्रावण ज्योतीत सारख्या वेगाने आणि सारख्या फवाऱ्याने जात नाहीत. त्यामुळे पाण्यातल्या स्टँडर्डवर ॲसिटेटचा अर्क वाचला तर मोजणीत सुरुवातीपासूनच खोट राहते.

याच पायरीवर दोघांचे मार्ग वेगळे होतात. पूर्णा खोऱ्यातल्या आपल्या काल्पनिक नमुन्यात १०० मिलिलिटर अर्कात पोटॅशियम साधारण १७.५ आणि सोडियम ९५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास निघतो असे धरू. दोन्ही मालिकेच्या वर आहेत. स्टँडर्ड वाढवून ४० किंवा १०० पर्यंत नेण्यापेक्षा अर्क पातळ करणे चांगले. जास्त प्रमाण झाले की ज्योतीतले अणू एकमेकांनी टाकलेला प्रकाश शोषायला लागतात आणि आलेख वरून वाकतो. त्या वाकलेल्या भागात प्रमाण बरेच वाढले तरी वाचन थोडेच वाढते.

म्हणून पोटॅशियमसाठी २५ मिलिलिटर अर्क ५० करायचा आणि सोडियमसाठी १० मिलिलिटर १०० करायचा. दोन्ही वेळा ॲसिटेटनेच, पाण्याने नाही. एकच पातळ द्रावण दोघांसाठी वापरून वेळ वाचवायचा मोह होतो. पण दहापट पातळ केल्यावर पोटॅशियम १.८ वर येतो आणि वाचन मालिकेच्या तळाशी जाते. दुप्पट ठेवले तर सोडियम ४७ वर राहतो आणि मोजमापाबाहेर जातो.

आता दुप्पट पातळ केलेला पोटॅशियमचा फ्लास्क पाहा. त्यात ८.८ मिलिग्रॅम पोटॅशियमबरोबर सुमारे ४७ मिलिग्रॅम सोडियम आहे. दोघेही ज्योतीत सहज आयनित होतात. सोडियम भरपूर असला की त्याचे इलेक्ट्रॉन पोटॅशियमला आयनित होऊ देत नाहीत, म्हणून प्रकाश टाकणारे तटस्थ पोटॅशियम अणू वाढतात आणि वाचन फुगते. शिवाय फिल्टर फार बारीक नसेल तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचा काही भागही आत येतो. उपाय असा की अशा मातीसाठी पोटॅशियमच्या स्टँडर्डमध्येही दर लिटरला ५० मिलिग्रॅम सोडियम घालावा. खात्री करायची असेल तर ६ मिलिग्रॅमचे एक पोटॅशियम स्टँडर्ड सोडियमशिवाय आणि एक सोडियमसह वाचा. दोन्ही वाचने सारखी आली तर तुमच्या यंत्राला याची गरज नाही. उलट्या बाजूने, सोडियमच्या दहापट पातळ फ्लास्कमध्ये पोटॅशियम जेमतेम पावणेदोन मिलिग्रॅम आहे. तिथे ही काळजी नको.

सोडियमची काळजी वेगळी. चुनखडीयुक्त काळ्या मातीत अमोनियम ॲसिटेट थोडा चुनाही विरघळवते, त्यामुळे अर्कात कॅल्शियम भरपूर येतो. कॅल्शियमच्या संयुगांचा नारिंगी पट्टा सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या रेषेजवळ पडतो आणि साध्या फिल्टरमधून थोडा आत शिरतो. सोडियम जास्त असलेल्या नमुन्यात हे लपून जाते. पण सोडियम कमी असलेल्या, चुना भरपूर असलेल्या मातीत ते नसलेला सोडियम दाखवू शकते. नुसत्या कॅल्शियमचे द्रावण सोडियमच्या फिल्टरवर वाचून काय येते ते एकदा पाहावे. पोटॅशियमची रेषा ७६६.५ वर, लाल टोकाला असल्याने तिला हा त्रास जवळजवळ नाही.

मालिकेत ब्लँक म्हणजे ज्यात माती नाही, पण बाकी सगळ्या पायऱ्या झाल्या आहेत असे द्रावण. ते यंत्रावर शून्य लावायला वापरतात त्या नुसत्या ॲसिटेटपेक्षा वेगळे. सोडियमचा ब्लँक कधीच पूर्ण शून्य येत नाही. बोटांचा घाम, नळाचे पाणी, फिल्टर पेपर, काच या सगळ्यांतून तो येतो. दहापट पातळ केलेल्या नमुन्यात ०.१ मिलिग्रॅमचा फरक राहिला तरी शेवटी मातीत किलोमागे २० मिलिग्रॅम होतात. पोटॅशियमचा ब्लँक मोठा निघाला तर मी आधी ॲसिटेटच्या बाटलीवर आणि मग इलेक्ट्रोडवर संशय घेईन.

यंत्र चालू करून ज्योत पंधरा-वीस मिनिटे स्थिर होऊ द्यावी. नुसत्या ॲसिटेटने शून्य आणि १० च्या स्टँडर्डने १०० लावावे, मग मधली स्टँडर्ड वाचून आलेख काढावा. दर दहा नमुन्यांनंतर एक स्टँडर्ड पुन्हा वाचावे.

आता हिशोब. ब्लँक वजा केल्यावर पोटॅशियमचे वाचन ८.८ आले. दोनने गुणले की अर्कात १७.६, आणि २० ने गुणले की मातीत ३५२ मिलिग्रॅम प्रति किलो. पोटॅशियमचे ३९१ मिलिग्रॅम म्हणजे १ सेंटिमोल, म्हणून ०.९० सेंटिमोल प्रति किलो. सोडियमचे वाचन ९.५, दहाने गुणून ९५, २० ने गुणून १९००. सोडियमचे २३० मिलिग्रॅम म्हणजे १ सेंटिमोल, म्हणून ८.२६. आकडे सरळ दिसतात, पण दोघांचा अर्थ एक नाही.

ॲसिटेट चिकटलेले आयनही काढते आणि मातीच्या पाण्यात आधीच विरघळलेलेही. पोटॅशियमचा विरघळलेला भाग इतका थोडा असतो की तो न वगळता चालते. सोडियमचा मात्र खारट जमिनीत मोठा असतो, कारण मीठच सोडियमचे. तो वेगळा मोजावा लागतो. मातीत पाणी घालून लगदा करायचा, व्हॅक्यूमवर त्याचे पाणी ओढून घ्यायचे आणि त्यातला सोडियम वाचायचा. इथे द्रावण पाण्याचे, म्हणून स्टँडर्डही पाण्यात बनवलेली हवीत. ॲसिटेटची मालिका इथे चालत नाही.

आपल्या नमुन्यात लगद्याच्या पाण्यातून २ मिलिलिटर घेऊन १०० केले आणि वाचन ९.२ आले. पन्नासने गुणून ४६० मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे २० मिलिमोल. लगद्यात मातीच्या वजनाच्या ७० टक्के पाणी होते, म्हणून किलोला ०.७० लिटर गुणिले २० म्हणजे १४ मिलिमोल, अर्थात १.४ सेंटिमोल. याच पाण्यात पोटॅशियम ०.३ मिलिमोल होता. त्याचे होतात ०.०२ सेंटिमोल, ०.९० समोर नगण्य. सोडियममधून १.४ वजा केल्यावर विनिमयक्षम, म्हणजे कणांना चिकटलेला, सोडियम ६.८६ उरतो.

या मातीची असे आयन धरून ठेवण्याची एकूण क्षमता किलोला ५२ सेंटिमोल आहे असे धरले, तर वजाबाकी न करता सोडियमची टक्केवारी १५.९ येते आणि वजाबाकी करून १३.२. १५ टक्क्यांच्या रूढ सीमेच्या एका बाजूला चोपण जमीन आणि दुसऱ्या बाजूला नाही. टक्केवारी १० वर आणायची म्हणजे चिकटलेला सोडियम ५.२ सेंटिमोलपर्यंत खाली आणायचा. त्यासाठी वरच्या १५ सेंटिमीटरच्या थरात हेक्टरी जिप्सम काढायचे, तर प्रत्येक सेंटिमोलला सुमारे १.९३ टन लागते. पहिल्या आकड्याने ५.९ टन आणि दुसऱ्याने ३.२ टन. जवळपास २.७ टन जिप्सम नुसत्या विरघळलेल्या मिठापायी जास्त सुचवले जाते, आणि ते मीठ तर निचरा असेल तर पाण्याबरोबर खाली वाहून जाणारे असते.

पोटॅशियमच्या बाजूला एकच चूक वारंवार दिसते: अहवालात पोटॅशियम लिहिलेले असते आणि खताच्या पोत्यावर पोटॅश, म्हणजे पोटॅशियम ऑक्साईड. मूलद्रव्याच्या आकड्याला १.२ ने गुणल्याशिवाय ते दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.